अक्षदाच्या पत्रासाठी दादाने जमवलेले सोळा टेलर

बुधवारी सकाळी दादा आणि अक्षदाचं भांडण झालं, आणि संध्याकाळी सहाच्या आत दादा गेला. म्हणून भांडणापासूनच सांगते.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, दौलत. कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं लेडीज टेलरचं दुकान. सव्वीस वर्षं झाली. कटिंग आणि शिलाई त्याची, हुक, काज, हेमिंग, फॉल-बिडिंग माझं. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे लिहिताना चुकलं तर समजून घ्या. अक्षदा ही त्याची एकुलती एक मुलगी. यंदा बीएस्सी आयटी झाली.

तर सकाळी दादा बनियनवर चहा पीत बसलेला. अक्षदा लॅपटॉप घेऊन आली. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एक कंपनी, तिथे अँड्रॉइडची अ‍ॅप बनवणाऱ्या नवीन पोरांची जागा निघालेली. शनिवार शेवटची तारीख. अर्जाबरोबर एक पत्र जोडायचं असतं, कव्हर लेटर बोलतात त्याला. मी कोण, मला काय येतं, मला का घ्या, असं. इंग्लिशमध्ये होतं. दादा बोलला, "मराठीत सांग."

तिने वाचलं. मी खूप मेहनती आहे, मला शिकायची आवड आहे, टीममध्ये काम करते, असं चाललेलं.

दादा बोलला, "ही तूच आहेस कशावरून? शेजारच्या पोरीने हेच पाठवलं तरी चालेल."

"पप्पा, असंच लिहितात. पुढे ऐका ना. माझं एक अ‍ॅप प्ले स्टोअरवर पब्लिश झालेलं आहे."

दादाने कप खाली ठेवला. "झालं?"

"होईल. शुक्रवारीच गुगलकडे अर्ज टाकलाय. सात दिवसांत उत्तर येतं. म्हणजे येतंच."

"मग झालं असं का लिहितेस?"

"त्यांनी पत्र वाचेपर्यंत झालेलं असेल."

आता इथे तुम्हाला दादाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर त्याला एवढं का लागलं ते कळणार नाही. सगळे टेलर एक वाक्य बोलतात. बाई ब्लाउज न्यायला येते, कापड अजून गठ्ठ्यात बांधलेलं असतं, आणि टेलर बोलतो, "झालंय ताई, फक्त हुक लावायचे राहिलेत, संध्याकाळी या." दादा हे वाक्य कधी बोलला नाही. सव्वीस वर्षांत मी नाही ऐकलं. कापलं नसेल तर बोलायचा, कापलं नाही. बायका तोंडावर बोलून जायच्या, एक तर माझ्या समोर पिशवी घेऊन दुसरीकडे गेली. मी चिडायची, "दादा, हुक तर मी लावते, माझ्या नावावर खोटं बोल की एक दिवस." तो हसायचा. बोलायचा, "कांते, तिला लग्नाला जायचंय. झालं बोललो की ती निवांत बसणार. नाही बोललो तर दुसरी साडी तरी काढेल."

तर त्या दिवशी तो अक्षदाला बोलला, "आजच पाठवायचं तर खरं लिहून पाठव. टेस्टिंगला आहे असं लिही. नाहीतर शनिवारपर्यंत थांब."

"टेस्टिंगला आहे वाचून कोण बोलावणार? सगळ्या पोरांचं कॉलेजचं प्रोजेक्ट टेस्टिंगलाच असतं. आणि जे आधी पाठवतात त्यांचंच नीट वाचतात."

"आणि त्याने प्ले स्टोअरवर शोधलं, सापडलं नाही तर?"

"पप्पा, हे तुमचं दुकान नाहीये!"

एवढं बोलून ती लॅपटॉप मिटून आत गेली. वहिनी, म्हणजे प्रमोदिनी वहिनी, पोळ्या लाटत होती, ती बोलली, "सकाळी सकाळी दोघं सुरू." दादा उठला. शर्ट घातला, टेप गळ्यात टाकली आणि दुकानात गेला. मी मागून गेली.

दिवसभर त्याने काम केलं. दोन कटोरी ब्लाउज कापले, एकाला अस्तर लावलं. मधे एकदा बोलला, "कांते, मी जास्त बोललो का गं?" मी बोलली, "जास्त नाही, पण तिला नोकरीची घाई आहे." पाच वाजता तो स्टुलावर बसला. बोलला, छातीत आवळल्यासारखं होतंय, पाणी दे. मी पाणी घेऊन वळली तोवर तो टेबलावर डोकं टेकून बसलेला. समोरच्या मॅचिंग सेंटरवाल्या कमलेशने रिक्षा थांबवली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बोलले, आणतानाच गेले. अठ्ठावन्न वर्षांचा होता.

आता ते अ‍ॅप काय होतं ते सांगते, कारण ते अर्धं दादाचं होतं.

दादाकडे मापाच्या वह्या होत्या. एकूण एकोणीस. बाईचं नाव, उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, दोन्ही गळे. बाईचा फोन यायचा, "दौलतभाऊ, मी आता बदलापूरला असते, कापड भाचीबरोबर पाठवते, माप आहे ना तुमच्याकडे?" मग मी आणि दादा वह्या उलटत बसायचो. कधी कधी तासभर. अक्षदाने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हेच घेतलं. मोबाईलमध्ये बाईचं नाव टाकलं की माप समोर. इंटरनेट लागत नाही, सगळं फोनमध्येच राहतं. नाव ठेवलं 'मापवही'.

पहिल्यांदा दादाने त्यावरून एक ब्लाउज शिवला आणि तो दंडात आणि छातीत घट्ट झाला. सव्वीस वर्षांत दादाचा ब्लाउज घट्ट झाला नव्हता! त्या बाईने इस्त्री केलेला ब्लाउज टेबलावर टाकला आणि बोलली, "दौलतभाऊ, मी जाड झाली का तुम्ही म्हातारे झाले?"

दादा रात्रीचं जेवण सोडून चूक शोधत बसला आणि त्यालाच ती सापडली. आम्ही टेलर लोक इंचाचे आठ भाग करतो, एकाला सूत बोलतो. चौतीस इंच सहा सूत असेल तर वहीत लिहितो चौतीस, टिंब, सहा. त्यात अर्धा इंच, म्हणजे चार सूत ढिलाई द्यायची, तर होतात पस्तीस इंच दोन सूत. पण अक्षदाच्या अ‍ॅपने चौतीस पॉइंट सहा अधिक पॉइंट चार अशी शाळेतल्या गणितासारखी बेरीज केली आणि पस्तीस दाखवलं. दोन सूत खाल्ले.

अक्षदा बोलली, "पप्पा, टिंब म्हणजे दशांश! तुम्ही सगळं आयुष्य चुकीचं लिहिलंय."

दादा बोलला, "मी चुकीचं लिहिलं आणि अंगात बरोबर बसलं. तू बरोबर लिहिलंस आणि बाईला श्वास घेता येईना."

आम्ही सगळे हसलो, ती पण हसली. मग तिने टिंब काढूनच टाकलं. इंच वेगळा, आणि खाली सुताची एक ते सात अशी बटणं. दादाच्या बोटाएवढी मोठी, कारण बोटाला खडू असतो. ते तीन आठवड्यांचं काम झालं. तिच्या सरांनी आधीच मार्क दिलेले, तरी तिने केलं.

मग प्ले स्टोअरवर टाकायचं ठरलं. तिथे असा नियम की नवीन माणसाने स्वतःच्या नावाने खातं उघडलं असेल तर अ‍ॅप लगेच सगळ्यांसाठी टाकता येत नाही. आधी कमीत कमी बारा माणसांनी टेस्टर म्हणून नाव द्यायचं, आणि चौदा दिवस सलग त्या यादीत राहायचं. मग गुगलकडे अर्ज करायचा. अक्षदाच्या मैत्रिणी बोलल्या, आम्ही करतो. इंटरनेटवर अनोळखी लोक पण एकमेकांचं करतात म्हणे, तू माझं कर, मी तुझं करतो.

दादा बोलला, "मैत्रिणी शिवतात का?"

"नाही."

"मग त्या काय सांगणार? बारा टेलर आणतो."

आणि आणले. इथे मला खरंच त्याचं कौतुक वाटतं. सोमवारी दुकान बंद असतं, तर त्याने दोन सोमवार फिरून काढले. ठाण्याला खोपटला एसटी डेपोच्या मागे रतन म्हणून त्याचा जुना मित्र, दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले, तो. खडवलीला बायजाबाय, घरी बसून अख्ख्या गावाच्या बायकांचं शिवते, ती. डोंबिवलीचे चार, उल्हासनगरचे तीन. कोणाकडे जीमेल नव्हतं, कोणाचं जीमेल भाच्याच्या नावावर. दादा स्वतःचा चष्मा पुसत पुसत एकेकाचं लिहून आणायचा. अक्षदा घरून ते यादीत टाकायची, मग लिंक पाठवायची. लिंक उघडून एक बटण दाबायचं की तुम्ही टेस्टर झाले.

बारा झाले. बरोबर बारा, मला धरून.

दादाला भीती, कोणी सोडून जाऊ नये. म्हणून त्याने सगळ्यांना सांगितलं, "रोज सकाळी लिंक दाबा. दुकान उघडल्यावर दिवा लावतो ना, तसं." अक्षदाला हे माहीतच नव्हतं. आणि ती लिंक अशी की एकदा तुम्ही आत गेलात आणि परत उघडली, तर तिथे बाहेर पडायचं बटण असतं.

नवव्या दिवशी अक्षदा ओरडली, "बाराचे अकरा झाले! सलग चौदा दिवस आता नव्याने मोजणार!"

दादाने एकेकाला फोन लावले. बायजाबाय सापडली. फोन स्पीकरवर होता.

"बायजाबाय, तू काय दाबलंस?"

"तूच बोल्लास ना रोज दाब म्हनून. मी दाबला. वरचा बटन दिसला नाय, मंग खालचा दाबला."

"खालचा बाहेर जायचा होता गं!"

"आता मना काय म्हाईत? दाराला पाटी नाय लावली तुज्या पोरीनं. आन् तू मना वरडू नको, ब्लाउज शिवाया घेतलाय मी."

दादा कपाळाला हात लावून हसत बसला. अक्षदा रडत होती, तिचे नऊ दिवस गेले. दादा तिला बोलला, "तिची चूक नाही. मी सांगितलं ते चुकलं. आणि बाराच आणले तेही चुकलं. कापड नेहमी थोडं जास्त घ्यायचं असतं." पुढच्या सोमवारी तो अजून चार टेलर घेऊन आला. सोळा झाले. लिंक कोणी दाबायची नाही, अ‍ॅप वापरायचं, आणि जे अडेल ते दादाला फोन करून सांगायचं. तो एका जुन्या बिलबुकच्या मागे सगळं लिहायचा. रतन बोलला, अक्षरं मोठी करा. बायजाबाय बोलली, नावं सारखी असतात, चार सुनिता आहेत, गल्लीचं नाव लिहायला जागा द्या. डोंबिवलीच्या एकाने सांगितलं, पाठीचा गळा आधी विचारा, पुढचा नंतर, आम्ही माप तसंच घेतो. अक्षदाने हे सगळं बदललं. चौदा दिवस झाले, तिने गुगलकडे अर्ज टाकला. त्या अर्जात विचारतात, टेस्टर कुठून आणले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. तिने बिलबुक समोर ठेवून भरला.

हे सगळं झालेलं, आणि फक्त उत्तर यायचं बाकी होतं, तेव्हाचं ते बुधवारचं भांडण.

बुधवारी रात्रीच दादाला नेलं. विठ्ठलवाडीच्या स्मशानात सगळं आटोपलं. गुरुवारी सकाळी घर माणसांनी भरलेलं. अक्षदा भिंतीला टेकून बसलेली, कालपासून एक घोट पाणी नाही. साडेआठच्या पुढे असेल, ती एकदम उठली.

"आत्या, माझा फोन कुठेय? फोन कुठेय माझा?"

वहिनीचा मोठा भाऊ, अक्षदाचा मामा, बोलला, "आज तरी फोन सोड गं. बापाला जाऊन एक दिवस झाला नाही."

ती ऐकेना. बायकांच्या पर्स उचलून बघते, चादर झटकते. मी तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेली, तर फोन मिक्सरच्या मागे चार्जिंगला. तिला फोनचं कुलूप उघडता येईना. मी बोलली, "काय झालं ते सांग."

"मी ते पत्र मेलला टाकून ठेवलं आत्या. काल सकाळी भांडण झाल्यावर. नऊ वाजताची वेळ लावून. सकाळी मेल गेलं की त्यांना वरती दिसतं म्हणून. त्यात लिहिलंय पब्लिश झालं."

घड्याळात नऊला बारा कमी होते. तिने ते थांबवलं. थांबलं की नाही म्हणून चारदा बघितलं. मग ओट्याखाली बसली आणि तेव्हा कुठे रडली. आदल्या दिवसापासून रडलीच नव्हती. बोलत होती, मी पप्पांना बोलले हे तुमचं दुकान नाही. आत्या, मी त्यांना असं बोलले.

मी तिला सांगितलं, तो दुकानात काय बोलला ते. जास्त बोललो का विचारत होता. मी खोटं नाही सांगितलं, तेवढंच बोललेला तो.

दुपारी तिच्या फोनवर गुगलचं मेल आलं. मंजूर. पण मंजूर म्हणजे लगेच दिसत नाही. तिने अ‍ॅप सगळ्यांसाठी सोडायचं, मग ते परत तपासतात, कधी काही तासांत, कधी काही दिवसांत. ती फोन हातात धरून बसली. मी बोलली, "दाब." ती बोलली, "आज?" मी बोलली, "दादाने बेरजा करायला जेवण सोडलेलं. दाब." तिने लॅपटॉप मागच्या खोलीत नेला आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत काम करून आली.

शुक्रवार पूर्ण गेला, काही नाही. शनिवारी सकाळी खोपटहून रतनचा फोन. भेटायला येतो बोलला, आणि मग थांबून बोलला, "कांते, मी प्ले स्टोअरवर मापवही शोधलं. आलंय. दौलतचं आलंय गं."

अक्षदाने स्वतः बघितलं तेव्हा साडेदहा झालेले. ती लॅपटॉप घेऊन बसली तसा मामा परत सुरू झाला. "सुतकात नोकरीचा अर्ज? तेरावं तरी होऊ दे. लोक काय बोलतील?"

वहिनी तीन दिवस कोणाशी बोलली नव्हती. ती पहिल्यांदा बोलली, तिच्या भावाला. "दादा, आज शेवटची तारीख आहे. ह्यांनी शनिवारचं कापड कधी रविवारवर नेलं नाही. तू चहा घे." मामाने कप उचलला.

अक्षदाने जुनं पत्र पूर्ण पुसलं. मेहनती आहे, आवड आहे, सगळं गेलं. नवीन लिहिलं ते एका पानापेक्षा पण छोटं. मला मराठीत वाचून दाखवलं. शब्द इकडेतिकडे होतील, पण असं होतं:

"ज्युनियर अँड्रॉइड डेव्हलपरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. मी यंदा बीएस्सी आयटी झाले. नोकरीचा अनुभव नाही. माझं एकच अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे, ते आज सकाळपासून दिसतंय, लिंक खाली दिली आहे. ते लेडीज टेलरसाठी मापाची वही आहे. प्रोग्रॅम कोटलिन भाषेत लिहिला आहे, माहिती फोनमध्येच साठते, इंटरनेट लागत नाही. पहिल्या आवृत्तीत मी मापं दशांशात घेतली आणि माझ्या वडिलांच्या एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज बिघडला, कारण टेलर इंचाचे आठ भाग करतात. आता इंच आणि सूत वेगळे आहेत. सोळा टेलरनी ते वापरून बघितलं. पहिल्या वेळी टेस्टिंग नवव्या दिवशी तुटलं, कारण मी त्यांना लिंकबद्दल नीट समजावलं नव्हतं. त्यांनी सांगितलेले तीन बदल केले आहेत. मोठ्या टीममध्ये काम केलेलं नाही आणि स्वतःच्या कोडसाठी टेस्ट लिहायला आता शिकते आहे. वापरणाऱ्या दोघांचे नंबर त्यांना विचारून देत आहे."

दोन नंबर म्हणजे एक रतनचा, एक माझा.

मी बोलली, "लिंकबद्दल तर दादाने चुकीचं सांगितलेलं, तू का स्वतःवर घेतेस?"

"सांगायचं काम माझं होतं आत्या. मी बघितलंच नाही ते काय सांगतात."

"आणि दादा गेला ते नाही लिहिलंस."

तिने पत्र परत एकदा वाचलं. मग बोलली, "ते लिहिलं तर दया येऊन बोलावतील. मला अ‍ॅप बघून बोलवायला पाहिजे."

अशी माझ्या भावाची मुलगी आहे. पाच वाजायच्या आधी तिने पत्र पाठवलं.

तेराव्याला सोळापैकी चौदा टेलर आले. बायजाबाय खडवलीहून आली, वहिनीला मिठी मारून रडली आणि मग अक्षदाला बाजूला घेऊन बोलली, "मी नीट वापरताव आता. खालचा बटन नाय दाबत." रडता रडता सगळे हसले. दादा असता तर सगळ्यात जास्त तोच हसला असता.

मग मी दुकान उघडलं. कापायला मला अजून तेवढं जमत नाही, साधे ब्लाउज कापते, कटोरी रतनकडे पाठवते. चौथ्या दिवशी दुपारी एका बाईची बाही मोजत होती, तर अनोळखी नंबरवरून फोन.

"कांताताई बोलताय? मी हर्षित. अक्षदाने जिथे अर्ज केलाय तिथे काम करतो. ते मापवही तुम्ही खरंच वापरता का?"

"आत्ता पण वापरतेय. बाई उभी आहे समोर."

तो हसला. "कसं आहे?"

माझ्या तोंडात आलेलं, एकदम छान आहे, काहीच त्रास नाही. पोरीच्या नोकरीचा प्रश्न. टेप माझ्या हातात तशीच होती. मग मी बोलली, "चांगलं आहे, वह्या उलटाव्या लागत नाहीत. पण एक अडचण आहे. नवीन माप टाकलं की जुनं पुसून जातं. बायकांचं अंग बदलतं. बाळंतपण होतं, आजारपण होतं. जुनं माप पण लागतं परत."

पलीकडून नुसता कीबोर्डचा आवाज आला. मला वाटलं, घालवली मी तिची नोकरी.

"हे तिला सांगितलं तुम्ही?"

"नाही, राहूनच गेलं. घरात जरा गडबड होती."

"बरं. मी विचारेन तिला, कसं सोडवशील म्हणून. सोमवारी अकरा वाजता बोलावतोय. तुम्ही आधी सांगितलं तरी चालेल, उत्तर तर तिलाच शोधायचंय."

समोरची बाई बोलली, "कांताताई, रडताय काय, बाही किती आली?" साडेनऊ आली होती.

अर्ध्या तासात अक्षदा घरून धावत आली, चपला उलट्या घालून. तिला कंपनीचा फोन आलेला. मी तिला माझं बोलणं सगळं सांगितलं, तक्रारीसकट. ती आधी बोलली, "आत्या!" मग तिथेच खडू घेऊन कटिंग टेबलावर चौकोन काढायला लागली, प्रत्येक मापाला तारीख लावायची, जुनं खाली राहील, नवीन वर येईल, असं काहीतरी. पुसेपर्यंत मला कापता आलं नाही.

सोमवारसाठी तिला एक साधा कुर्ता शिवायचं ठरवलं. शनिवारी मी तिला उभं केलं आणि टेप लावली. दंड बारीक झालेला, कंबर दीड इंच उतरलेली. फोनमध्ये तिचं नाव काढलं, तर माप आधीच होतं. दादाने टाकलेलं, गल्लीच्या जागी त्याने लिहिलेलं, 'घरची'. नवीन टाकलं असतं तर ते गेलं असतं. मी फोन बाजूला ठेवला आणि तिचं माप कागदावर लिहिलं.